पिंपल्स आणि अंगावरची सूज: गोळी बदलायची तर कोणती?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
नमस्कार मंडळी. विषय जरा खाजगी आहे, पण इथं बाळंतपणापासून थायरॉईडपर्यंत सगळं मोकळेपणानं बोललं गेलंय, म्हणून विचारते.

वय २७, लग्नाला दोन वर्षं झाली. अजून दोन वर्षं मूल नको असं आम्ही ठरवलंय, म्हणून पाच महिने गर्भनिरोधक गोळी चालू आहे. पाकिटामागं लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिग्रॅ असं छापलंय. पिंपल्स मला कॉलेजपासूनच होते, पण कपाळावर, बारीक. आता जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली येतात, खोल आणि दुखरे, आठ-आठ दिवस बसत नाहीत. दुसरं म्हणजे पाकीट संपत आलं की संध्याकाळी बोटातली अंगठी निघत नाही. मोजे काढले की पोटरीवर वळ दिसतात.

मेडिकलमध्ये विचारलं, तर त्यानं तीन पाकिटं काढून काउंटरवर मांडली. एकात डेसोजेस्ट्रेल, एकात ड्रॉस्पिरेनोन, एकात सायप्रोटेरोन. म्हणाला, "ताई, कुठलंही न्या, हे शेवटचं तर पिंपल्ससाठीच असतंय." मी काहीच न घेता परत आले. डॉक्टरबाईंची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय. तोवर या तीन नावांत नेमका फरक काय, ते समजून घ्यायचंय.

पंचगंगेचा_घाट
परत आलात ते बरं केलंत. गुरुवारपर्यंत कळ काढा.

गडहिंग्लजची_सून
गोळ्यांचं नावच काढू नका. मागच्या नवरात्रात आमच्याकडं घट बसायचे होते आणि माझी तारीख नेमकी त्यातच. सासूबाईंनी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या, दिवसाला तीन. दहा दिवस घेतल्या तर तोंडभर पुरळ, पोट तट्ट फुगलेलं, आणि त्यात पूजेचा उपवास. तेव्हापासून मी हार्मोनच्या गोळीला हात लावत नाही.

औषधवाला_जयसिंगपूर
वहिनी, तुमचा त्रास खरा आहे, पण ती गोळी वेगळी. पाळी पुढं ढकलायला देतात ती नुसती नॉरएथिस्टेरॉन, पाच मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. तिच्यात इस्ट्रोजेन नसतं. ताई घेतायत ती जोडगोळी आहे, इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टोजेन. चेहऱ्यावर दोघींचा परिणाम सारखा होत नाही.

मी बावीस वर्षं मेडिकल चालवतो. गिऱ्हाईक ब्रँडचं नाव सांगतं, पण माझी नजर पाकिटाच्या मागं जाते. सरकारी केंद्रात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानातली ओव्हरल-एल यांच्या हार्मोनच्या गोळ्यांत औषध तेच आणि मात्राही तीच. नॉव्हेलॉन आणि फेमिलॉन दोन्ही डेसोजेस्ट्रेलच्या, फरक इस्ट्रोजेनचा, एकीत तीस मायक्रोग्रॅम, दुसरीत वीस. यास्मिन ड्रॉस्पिरेनोनची. डायन-३५, क्रिमसन-३५, जिनेट-३५ या तिन्ही सायप्रोटेरोनच्या. नावं डझनभर, आतली औषधं चार. बदलायचंच असेल तर आतलं औषध बदला. नुसता ब्रँड बदलून चेहऱ्याला काय कळणार?

कसबा_बावडा_कर
साधं गणित हाय बघा. जुन्या पिढीची गोळी म्हंजे पिंपल्स आणि वजन, नव्या पिढीची गोळी म्हंजे चेहरा साफ आणि वजन न्हाय. माझ्या बायकोला डॉक्टरनी नवी लिहून दिली, तीन महिन्यात फरक पडला. जुन्या गोळ्या विकायलाच बंदी घालाय पायजे.

डॉ_रंकाळा
कसबा बावडाकर, निम्मं बरोबर. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. धाग्यावर औषध लिहून देत नाही, पण ताईंचा प्रश्न समजून घेण्याचा आहे, म्हणून बोलते.

जोडगोळी पिंपल्सवर कशी चालते, ते आधी बघू. बीजकोष थोडं पुरुषी हार्मोन तयार करतातच. गोळीनं बीजकोष शांत होतात आणि ते कमी बनतं. शिवाय गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळं यकृत एक प्रथिन जास्त बनवायला लागतं. रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन हे प्रथिन धरून ठेवतं. धरलेलं टेस्टोस्टेरॉन तेलग्रंथीपर्यंत पोचत नाही, म्हणून तेल कमी आणि पिंपल्स कमी. हे सगळ्याच जोडगोळ्यांत घडतं, जुन्या गोळीतसुद्धा.

आता लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं. ते स्वतःच थोडं पुरुषी वळणाचं आहे, आणि इस्ट्रोजेननं वाढवलेलं ते प्रथिन ते पुन्हा काही अंशी खाली ओढतं. डेसोजेस्ट्रेल तेवढं ओढत नाही. ड्रॉस्पिरेनोन आणि सायप्रोटेरोन तर पुरुषी हार्मोनच्या जागा अडवतात, सायप्रोटेरोन जास्त जोरानं. कागदावर असा उतरता क्रम लागतो. पण अभ्यासांत गोळ्या एकमेकींसमोर ठेवून बघितल्या तर फरक कागदावरच्यापेक्षा बराच कमी निघतो. सायप्रोटेरोन काही ठिकाणी थोडी सरस दिसते, बाकीच्यांत फारसं उजवं-डावं ठरत नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवरही पुष्कळ जणींचा चेहरा सुधारतो. म्हणून "जुनी गोळी म्हणजे पिंपल्स" हे सरसकट खरं नाही. ताईंच्या बाबतीत मात्र जागा बदलली, खोली बदलली आणि गोळी चालू झाल्यावर बदलली, त्यामुळं शंका रास्त आहे.

बायकोला तीन महिन्यांत फरक पडला म्हणालात, तोही गोळीच्या पिढीमुळंच असं नाही. कुठल्याही जोडगोळीला चेहऱ्यावर दिसायला तेवढे महिने लागतातच.

कसबा_बावडा_कर
बरं डॉक्टर, बंदीचं मागं घेतो.

शाहूपुरी_स्नेहा
माझा अनुभव सायप्रोटेरोनचा. पीसीओएस होतं, हनुवटीवर जाड केस यायचे. आठवड्यातून दोनदा धागा करायला जायचे आणि पार्लरमधल्या ताईंची नजर चुकवायचे. गोळीनं पिंपल्स चौथ्या महिन्यात बसले. केसांना मात्र वर्ष लागलं, आणि तेही गेले नाहीत, फक्त मऊ आणि विरळ झाले. चेहरा नितळ झाल्यावर डॉक्टरांनी तीन-चार महिन्यांनी गोळी थांबवायला सांगितली. मी खूप वाद घातला, कारण सोडवत नव्हती. तेव्हा मला कळलं की नुसतं मूल नको म्हणून ही गोळी देत नाहीत. गर्भनिरोध होतो, पण ती दिली जाते ती त्वचेसाठी, तीही क्रीम आणि अँटिबायोटिकनं भागलं नसेल तरच.

राजारामपुरी ताई, तुम्ही क्रीम काही लावलंय का? आणि केसांचा त्रास, पाळी पुढं-मागं होणं, असं काही?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
नाही हो स्नेहाताई. पाळी गोळीच्या आधीही अट्ठाविसाव्या दिवशी ठरलेली. केसांचा त्रास नाही. क्रीम म्हणाल तर फक्त फेसवॉश, त्वचेच्या डॉक्टरकडं कधी गेलेच नाही.

औषधवाला_जयसिंगपूर
म्हणजे काउंटरवरचं तिसरं पाकीट तुमच्यासाठी पहिल्या पायरीचं नाहीच. आमच्या धंद्यातल्या माणसानं ते असं पुढं सरकवायला नको होतं, याचं वाईट वाटतं.

इचलकरंजी_सूत
सुजेबद्दल कुणीच बोललं नाही. मला तोच त्रास होता. ड्रॉस्पिरेनोन सुरू केल्यावर पहिल्या दोन पाकिटांतच अंगठी सैल झाली, छाती जड होणं थांबलं. मला संधिवातासाठी रोज दुखण्याची गोळी लागते, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात रक्तातलं पोटॅशियम तपासायला लावलं. ते नॉर्मल आलं तेव्हाच पुढचं पाकीट.

डॉ_रंकाळा
तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. ड्रॉस्पिरेनोन हे स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या कुळातलं. गोळीतलं तीन मिलिग्रॅम म्हणजे त्या औषधाचे साधारण पंचवीस मिलिग्रॅम. गोळीतलं इस्ट्रोजेन शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं, ड्रॉस्पिरेनोन ते सोडायला लावतं. पण मीठ सोडताना पोटॅशियम मागं राहतं. मूत्रपिंड, यकृत किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार असेल तर ही गोळी नको. दुखण्याच्या गोळ्या रोज चालू असतील तर तपासणी हवी. डेसोजेस्ट्रेल पाण्याच्या बाबतीत असं काही करत नाही. त्यात वीस मायक्रोग्रॅमवाली घेतली तर इस्ट्रोजेन कमी, म्हणून सूज थोडी कमी होऊ शकते, पण मग पाळी नसताना अधूनमधून रक्ताचे डाग पडण्याची तक्रार वाढते.

ताई, ती सूज खरंच पाण्याची आहे का, हे घरी बघता येतं. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, रोज एकाच काट्यावर वजन करा आणि शेजारी गोळीचा दिवस लिहा. पाकीटभर चढलं आणि मधल्या सात दिवसांत उतरलं तर पाणी. एकाच दिशेला चढत राहिलं तर ते पाणी नाही, तेव्हा गोळीला दोष देण्याआधी ताट बघायचं.

पंचगंगेचा_घाट
ताट बघायचं म्हणजे तांबडा रस्सा बंद करायचा का डॉक्टर? हा तर कोल्हापुरावर अन्याय झाला.

डॉ_रंकाळा
रस्सा प्या हो, वरून मीठ घालू नका आणि रोज चार वाट्या नकोत.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
डॉक्टर, नोंद माझ्याकडं आहे! जिममुळं मी रोज सकाळी वजन लिहिते, फक्त गोळीच्या दिवसाशी कधी जोडून बघितलं नव्हतं. आत्ता वही काढली. मागच्या पाकिटाचा पहिला दिवस ५८.२, दहावा ५८.६, विसावा ५९.५. मग लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात पाचव्या दिवशी ५८.३. त्याआधीच्या पाकिटातही असंच, सव्वा किलो वर आणि परत खाली. पाच महिन्यांत जागेवरच आहे.

म्हणजे हे पाणी. मग माझ्यासाठी ड्रॉस्पिरेनोन सरळ दिसतं ना? पिंपल्सलाही बरं, सुजेलाही बरं. मी गुरुवारी तेच मागते.

शाहूपुरी_स्नेहा
किती छान नोंद ठेवलीत!

डॉ_रंकाळा
वहीवरून पाणीच दिसतंय, हो. पण मागण्याआधी तीन गोष्टी सांगा. सूज दोन्ही पायांना सारखी आहे की एकाच पायाला? डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमक येते का? आणि आई, सख्खी भावंडं, वडील, यांच्यापैकी कुणाला पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली होती का?

हे विचारते कारण ड्रॉस्पिरेनोनचा हिशोब तिथं बदलतो. युरोपच्या औषध संस्थेनं २०१३ मध्ये सगळ्या जोडगोळ्यांचा आढावा घेतला होता. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना शिरेत गाठ होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर पाच ते सात. ड्रॉस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेलवर नऊ ते बारा, आणि सायप्रोटेरोनही त्याच बाजूला. आकडे लहान आहेत, गरोदरपणात धोका यापेक्षा जास्त असतो, त्यामुळं निरोगी बाईनं घाबरायचं कारण नाही. पण जी गोळी चेहऱ्याला जास्त सौम्य, ती शिरेच्या बाबतीत थोडी जास्त धोक्याची, हे नीट लक्षात घ्या. कसबा बावडाकर, जुन्या गोळीला बंदी का घालायची नाही, तेही यातच आलं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
डोकं दुखत नाही. दोन्ही पायांना सारखीच वाटते. शिवणाच्या टेपनं आत्ता मोजलं, गुडघ्याखाली एक वीत, डावी पोटरी ३४.५, उजवी ३४.

आईबद्दल... आई एका पायात घट्ट लांब मोजा घालते, माझ्या शाळेपासून. घरात "शिरांचा त्रास" म्हणतात. मला वाटलं व्हेरिकोज. तिला फोन करते.

मंगळवार_पेठ_काकी
बाळ, शिरा फुगणं वेगळं आणि आत गाठ होणं वेगळं. माझ्या जाऊबाईंना दोन्ही होतं आणि तिनं पंधरा वर्षं दोन्हीला एकच नाव दिलं. नुसतं विचारू नकोस, कागद माग. जुन्या बायका आजाराला आपल्या सोयीचं नाव देतात.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
काकी, तुम्ही म्हणालात म्हणून कागद मागितला. आईनं लोखंडी कपाटातली पिशवी काढली, आणि भावानं फोटो पाठवला. २००९ चा डॉपलर रिपोर्ट. "डाव्या मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ." तेव्हा आई ४१ ची होती. ऑपरेशन नाही, फ्रॅक्चर नाही, लांबचा प्रवास नाही. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या होत्या. मी तेव्हा बारा वर्षांची, मला आठवतंय, आई ताप आलाय म्हणून आठ दिवस आजोळी गेलीय असं सांगितलं होतं. खरं तर ती दवाखान्यात होती. कुणी सांगितलंच नाही.

गोळी सुरू करताना मला विचारलं होतं, घरात बीपी, शुगर आहे का. मी नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

डॉ_रंकाळा
तुमची काहीच चूक नाही. पंचेचाळिशीच्या आत, काही कारण नसताना, सख्ख्या आईला खोल शिरेत गाठ. मी असते तर तुम्हाला ड्रॉस्पिरेनोन दिलं नसतं, आणि आत्ताची गोळीसुद्धा पुढं चालू ठेवायला कचरले असते. इथं प्रोजेस्टोजेन कुठलं हा मुद्दाच मागं पडतो, कारण गाठीचा मूळ धोका इस्ट्रोजेनचा आणि तो सगळ्या जोडगोळ्यांत आहे. गुरुवारपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करून वेळ अलीकडं घ्या आणि तो रिपोर्ट सोबत न्या. तोवर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर फोनसुद्धा नको, थेट दवाखाना. दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरच्या वर फरक पडला तर आम्हाला शंका येते. तुमचा अर्धा आहे, हे चांगलं आहे.

औषधवाला_जयसिंगपूर
डॉक्टरांच्या शब्दापुढं जात नाही, पण एक विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात घरच्या इतिहासाला दुसरा वर्ग आहे ना? म्हणजे साधारण देता येते असा. मग सरसकट नको कसं?

डॉ_रंकाळा
बरोबर आहे, दुसरा वर्ग आहे. ब्रिटनचा तक्ता मात्र पंचेचाळिशीच्या आतल्या नातेवाइकासाठी तिसरा वर्ग देतो, म्हणजे सहसा नको. दोन शहाणी माणसं इथं दोन उत्तरं देतील. माझं मत सांगते. मूल टाळायला दुसरे चांगले मार्ग आहेत आणि पिंपल्सलाही आहेत, मग ही जोखीम घ्यायची कशाला? त्यांच्या डॉक्टरबाई समोर बघून वेगळं ठरवतील, तर तोही विचार असू शकतो.

गडहिंग्लजची_सून
मग सहेली द्या की. तिच्यात हार्मोन नाही म्हणतात.

औषधवाला_जयसिंगपूर
सहेलीत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टोजेन नाही हे खरं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पण पिंपल्सवर तिचा उपयोग नाही, ताईंचा निम्मा प्रश्न तसाच राहील.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
वेळ अलीकडची मिळाली, काल जाऊन आले. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. जोडगोळी बंद. तांबी बसवायचं ठरलंय, पुढच्या पाळीत. हार्मोनवाली तांबी नको म्हणाल्या, कारण तिच्यातही लेव्होनॉर्जेस्ट्रेलच असतं आणि काही जणींचे पिंपल्स तिनं वाढतात. तोवर निरोध. त्वचेच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. रात्री अ‍ॅडापलीन, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, तीन महिने. नाही भागलं तर स्पायरोनोलॅक्टोनचा विचार करू म्हणाल्या, तांबी असल्यावरच, कारण ते औषध चालू असताना दिवस राहून चालत नाही. म्हणजे डॉक्टर रंकाळा म्हणाल्या होत्या त्या कुळातलंच औषध, पण इस्ट्रोजेनशिवाय.

रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्या का, यावर त्या अजून विचार करतायत. मोठ्या बहिणीलाही फोन केला. ती चार वर्षं अशीच गोळी घेतेय.

मंगळवार_पेठ_काकी
बहिणीला तो कागद पाठवलास का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
पाठवला काकी. ती सोमवारी जातेय.

इचलकरंजी_सूत
हा धागा वाचून मीही रात्री आईला फोन केला. आमच्याकडं काही नाही निघालं. पण विचारलं मात्र पहिल्यांदाच.